टॅरोत ‘डेथ’ आलं, तर समोरच्याला काय सांगावं?

टॅरोच्या ७८ पत्त्यांपैकी तेराव्या क्रमांकाच्या पत्त्याचं नाव ‘डेथ’, म्हणजे मृत्यू. आज सर्वाधिक वापरात असलेला रायडर-वेट-स्मिथ संच १९०९ मध्ये लंडनमध्ये छापला गेला. त्यातली चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांनी काढली. या संचातल्या ‘डेथ’वर काळं चिलखत घातलेला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर बसलेला दिसतो. घोड्यासमोर एक राजा मरून पडला आहे, एक धर्मगुरू हात जोडून उभा आहे आणि एक लहान मूल गुडघे टेकून वर बघत आहे. ‘टेन ऑफ स्वॉर्ड्स’वर पालथ्या पडलेल्या माणसाच्या पाठीत दहा तलवारी रोवलेल्या असतात. ‘नाइन ऑफ स्वॉर्ड्स’वर एक व्यक्ती अंथरुणात उठून बसली आहे, चेहरा तळहातांत लपवून. घरात कुणी आजारी असलेल्या माणसाला ही चित्रं दिसली की त्याच्या काळजात धस्स होतं. त्यानंतरच्या मिनिटभरात टॅरो रीडर जे बोलतो, ते तो माणूस पुढे अनेक दिवस मनात घोळवत राहतो.

असे पत्ते येणं किती साधं आहे, हे रीडरने आधी स्वतःपाशी पक्कं केलेलं बरं. ‘केल्टिक क्रॉस’ या प्रसिद्ध मांडणीत दहा पत्ते लागतात. नीट पिसलेल्या ७८ पत्त्यांतून दहा काढले, तर साधारण दर आठ मांडण्यांपैकी एकीत ‘डेथ’ येणारच. ‘डेथ’, ‘टॉवर’ आणि तलवारींचा तिर्री, नव्वी, दश्शी हे पाच पत्ते एकत्र धरले, तर निम्म्याहून थोड्या जास्त मांडण्यांत त्यातला किमान एक असतो. एवढ्या लोकांवर मृत्यूचं सावट असू शकत नाही. पत्त्याला रक्तातली साखर कळत नाही, फुप्फुसावरचा डागही दिसत नाही. म्हणून आजाराचं नाव, मृत्यूचं भाकीत किंवा ‘अमुक महिने जपा’ अशी मुदत रीडरने कधीही सांगू नये. अनेक टॅरो संघटनांच्या आचारसंहितेतही वैद्यकीय सल्ला न देण्याची अट असते.

मग बोलावं काय? समजा, पंचेचाळिशीचा एक माणूस आला आहे. आठवड्याने त्याच्या आईची बायपास शस्त्रक्रिया आहे आणि त्याचा प्रश्न आहे, ‘ऑपरेशन नीट होईल ना?’ इथे पत्ते पिसण्याआधीच प्रश्न बदलून घ्यावा लागतो. ‘ऑपरेशनचं पत्त्यांवरून सांगता येत नाही. या दिवसांत तुम्हाला कशाची तयारी करायची आहे, आईला तुमचा आधार कसा होईल, एवढं आपण बघू या,’ असं आधी स्पष्ट सांगितलं, की पुढची निम्मी अडचण टळते. आई स्वतः समोर नाही आणि तिने काही विचारलेलंही नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

आता मांडणी अशी पडली: मध्यभागी ‘फोर ऑफ स्वॉर्ड्स’, आशा आणि भीती दाखवणाऱ्या नवव्या जागी ‘नाइन ऑफ स्वॉर्ड्स’ आणि शेवटच्या, दहाव्या जागी ‘डेथ’. पहिल्या पत्त्यावर थडग्यावर कोरलेली, हात जोडून पहुडलेली योद्ध्याची मूर्ती आहे. तिकडे नजर गेली की तो माणूस गप्प होतो. अशा वेळी रीडरचा चेहरा पडला, त्याने घाईने पत्ता झाकला किंवा बरं काही निघेल म्हणून आणखी एक पत्ता ओढला, तर न बोलताही वाईट बातमी दिल्यासारखं होतं.

रीडरने शांतपणे चित्रापासून सुरुवात करावी. ‘हा योद्धा आडवा झालाय. थांबणं, विसावा, वाट बघणं असा याचा अर्थ लावतात. आणि नवव्या जागेवरची ही व्यक्ती बघा, तिला झोप नाही. तुम्हाला झोप लागते का?’ बहुतेकदा इथेच माणूस बोलायला लागतो: रात्र रात्र डोळा लागत नाही, संमतिपत्रावर सही आपली आहे, काही झालं तर भाऊ आपल्यालाच बोल लावेल. मग शेवटच्या पत्त्याकडे वळावं. ‘याचं नाव वाचून तुम्ही दचकलात, ते दिसलं मला. आईचं काय होईल हे या पत्त्यावरून मला कळत नाही. पण ती भीती तुमच्या मनात आहेच. तिच्याविषयी बोलायचं का?’

‘डेथ म्हणजे मृत्यू नव्हे, परिवर्तन,’ हे उत्तर अनेक रीडर तोंडपाठ झाल्यासारखं देतात. नोकरी किंवा नात्याच्या प्रश्नात ते चालून जातं. पण आई अतिदक्षता विभागात असलेल्या माणसाला ते ऐकवणं म्हणजे त्याची भीती झटकून टाकणं. शिवाय ते पुरतं खरंही नाही. या संचामागची कल्पना ज्यांची, त्या आर्थर एडवर्ड वेट यांनी स्वतःच्या पुस्तकात या पत्त्याच्या अर्थांत अंत आणि मर्त्यता हे अर्थही दिले आहेत. पत्त्याचा विषय मृत्यू आहे, हे मान्य करावं. तो भाकीत मात्र नाही, हे त्याच दमात सांगावं.

तरीही माणूस थेट विचारतो, ‘आई जाणार का?’ त्याला ‘जाणार’ म्हणणं जितकं वाईट, तितकंच ‘काही होत नाही, निर्धास्त राहा’ म्हणणंही वाईट. दुसऱ्या उत्तराने तो डॉक्टरांना विचारायचे प्रश्न विचारत नाही, घरच्यांशी बोलायचं राहून जातं. ‘ते मला सांगता येत नाही. सर्जन धोका किती हे सांगू शकतील. त्यांना विचारायचं कागदावर लिहून घेऊ या,’ हे उत्तर खरं आहे आणि उपयोगाचंही. शस्त्रक्रियेनंतर किती दिवस अतिदक्षता विभागात ठेवतील, रात्री जवळ कोण थांबेल, रक्ताची सोय कुणी करायची, अशी चार-पाच वाक्यं लिहून तो उठला, तर बैठक कारणी लागली.

प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःलाच त्रास असेल, तर डॉक्टरकडे जायला सांगावंच, पण कारण पत्त्याचं देऊ नये. ‘पत्त्यात तब्येतीचं दिसतंय, तपासून घ्या,’ या वाक्याने निरोगी माणूस हादरतो, रिपोर्ट चांगले आले तरी त्याची शंका फिटत नाही. याउलट बोलता बोलता तो सांगतो, की तीन आठवडे खोकला जात नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर क्षयरोगाची तपासणी करावी, ही सरकारी आरोग्य यंत्रणेचीच सूचना आहे. तेव्हा ‘तुम्ही खोकल्याचं बोललात, म्हणून सांगतो, उद्याच दवाखान्यात जा,’ असं म्हणावं. पत्ते त्या दिवशी कितीही शुभ पडलेले असोत, ही सूचना बदलत नाही. तसंच कुणी जगणं नकोसं झाल्याचं बोललं, तर मांडणी तिथेच थांबवावी, त्याला एकटं सोडू नये, घरच्या माणसाला बोलावून घ्यावं आणि ‘टेली-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक लावून द्यावा.

एक गोष्ट मात्र कुठल्याही सबबीवर माफ करण्याजोगी नाही. आधी मृत्यूची भीती घालायची आणि मग ती टाळण्यासाठी खडा, विधी किंवा पुढची महागडी बैठक विकायची, ही फसवणूक आहे. रीडरने आजाराचं नाव घेतलं, मृत्यूची मुदत सांगितली किंवा औषध थांबवायला सांगितलं, तर समोरच्याने तिथून सरळ उठावं आणि शंका असेल ती डॉक्टरांनाच विचारावी.