एडिसनचं हरवलेलं शून्य

अमेरिकेतल्या वर्गणीदारांना दिवाळी अंक पाठवायचे होते. यादी सीएसव्ही फाइलमध्ये आली. ती एक्सेलमध्ये उघडून पत्ते छापायला घेतले, तर न्यू जर्सीतल्या एडिसनचा झिप कोड `08820` ऐवजी `8820` झालेला. अमेरिकेत झिप कोड पाच आकडीच असतो आणि न्यू जर्सीचे सगळे कोड शून्यानेच सुरू होतात. आपला पिनकोड शून्याने कधीच सुरू होत नाही, म्हणून हा घोळ आपल्याला चटकन जाणवत नाही.

सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर. कुठला रकाना संख्येचा आणि कुठला मजकुराचा, याची नोंद त्यात नसते. फाइलवर डबल क्लिक केलं की एक्सेल स्वतःच अंदाज बांधतं. सगळे आकडे दिसले की ती संख्या, आणि संख्येपुढचं शून्य बिनकामाचं. कोड अवतरणचिन्हांत असला तरी फरक पडत नाही. नंतर रकान्याला Text फॉरमॅट देऊनही गेलेलं शून्य परत येत नाही.

म्हणून डबल क्लिक टाळा. कोरी वर्कबुक उघडा, Data मधून From Text/CSV घ्या, फाइल निवडा आणि Load न करता Transform Data दाबा. झिप कोडच्या रकान्याच्या डोक्यावर 123 असं चिन्ह असतं. त्यावर क्लिक करून Text निवडा. मग एक प्रश्न येतो, तिथे Replace current म्हणा. Add new step म्हणालात तर आधी संख्या होते, मग तिचा मजकूर होतो, आणि हाती पुन्हा `8820` च लागतं. शेवटी Close & Load. कोड डाव्या कडेला चिकटलेले दिसले, तर ते मजकूर म्हणून आले आहेत.

शून्यं आधीच गेली असतील, तर झिप कोडला इलाज आहे, कारण त्याची लांबी ठरलेली आहे:

```
=TEXT(A2,"00000")
```

या सूत्राने आलेले कोड सीएसव्हीत शून्यासकट जातात. मात्र तीच फाइल पुन्हा डबल क्लिकने उघडली, की शून्य पुन्हा जातं.

फोन नंबरांचं दुखणं जास्त अवघड. पुण्याच्या `020` मधलं शून्य गेलं, तर नंबर `20` ने सुरू होतो. आपले मोबाइल नंबर ६ ते ९ नेच सुरू होत असल्याने तो लँडलाइन आहे हे ओळखता येतं. पण गोव्याच्या `0832` मधलं शून्य गेलं, की उरतो `832` ने सुरू होणारा दहा आकडी नंबर, हुबेहूब मोबाइलसारखा. नागपूरच्या `0712` चंही तेच. अशा मिसळलेल्या यादीत शून्य कुठे लावायचं, हे कुठलंही सूत्र सांगू शकत नाही. ते फक्त मूळ फाइलमध्येच सापडतं. म्हणून आलेल्या सीएसव्हीची एक प्रत, एक्सेलमध्ये न उघडता, आधी बाजूला ठेवा.