थाई माहितीपुस्तिका छापायची की थांबवायची?

समजा, लासलगावातून थायलंडला कांदा प्रतवारीचं यंत्र चाललंय. 200 पानांच्या माहितीपुस्तिकेचं थाई भाषांतर मशीनने केलं. छापायला द्यायचं का? सुरक्षेची 20 पानं थाई तपासनीस पूर्ण वाचतो. उरलेल्या 180 मधून 30 पानं चिठ्ठ्या टाकल्यासारखी उचलतो. प्रत्येक चुकीला प्रकार (अर्थ, परिभाषा, व्याकरण, स्थानिक संकेत) आणि गांभीर्य देतो. एमक्यूएम या प्रचलित पद्धतीत किरकोळ चुकीला 1, मोठीला 5, घातकला 25 गुण.

थाईत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, म्हणून मोजणी मूळ इंग्रजी शब्दांवर करावी. 30 पानांत 6,000 शब्द, 14 किरकोळ आणि 5 मोठ्या चुका म्हणजे 39 गुण, हजारी 6.5. आधीच ठरवलेली मर्यादा 10 असेल तर पास.

पण ‘पट्टा चालू असताना झाकण उघडू नका’ यातला नकार गळाला, तर सरासरी कितीही चांगली असो, छपाई थांबते. नमुन्यावर विसंबण्यालाही मर्यादा आहेच: 180 पैकी 9 पानांवर घातक चूक असली, तरी 30 पानांत ती न सापडण्याची शक्यता सुमारे पाचांत एक. सुरक्षेची पानं नमुन्यावर सोडत नाहीत, ती यामुळेच.