धडा चौदा मिनिटांचा आहे, हे गूगलला कोण सांगणार?

दहावीची एखादी मुलगी रात्री मोबाईलवर ‘वर्गसमीकरण सूत्र पद्धती’ असं टाकून शोधते. समोर येणारी बहुतेक उत्तरं नुसत्या अक्षरांची असतात, एक शीर्षक आणि खाली दोन ओळी. मध्येच एखादं उत्तर वेगळं दिसतं. त्याच्या बाजूला फळ्याचं छोटं चित्र असतं, चित्रावर १४:२० असा वेळ लिहिलेला असतो आणि धडा कधी टाकला ती तारीखही असते. मुलगी तिथेच बोट ठेवते, कारण उघडण्याआधीच तिला कळलेलं असतं की हा व्हिडिओ आहे आणि झोपण्यापूर्वी तो पाहून होईल.

हे चित्र, हा वेळ आणि ही तारीख गूगलपर्यंत पोहोचण्याचा सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे ज्यांनी धडा टाकला त्यांनीच पानाच्या आतल्या कोडमध्ये ती लिहून ठेवणं. हा मजकूर वाचकाला दिसत नाही, तो शोधयंत्रासाठी असतो. वेबसाइट करणारी मंडळी याला सरळ ‘स्कीमा’ म्हणतात. गूगल, बिंग आणि याहू यांनी २०११ मध्ये एकत्र येऊन schema.org नावाची एक समाईक शब्दावली ठरवली. त्यात व्हिडिओसाठी VideoObject नावाचा प्रकार आहे. गूगलचा रोबो पान वाचतो तेव्हा त्याला प्लेअर दिसतो, पण आतला धडा किती लांब आहे, कधीचा आहे आणि त्याची ओळख म्हणून कोणतं चित्र दाखवायचं, हे त्याला अंदाजाने ठरवावं लागतं. बंद डब्यावर चिठ्ठी चिकटवावी तसा हा स्कीमा काम करतो.

आपल्याकडचे कितीतरी शिक्षक आता स्वतःच्या वेबसाइटवर धडे ठेवतात, म्हणून उदाहरणही तसंच घेऊ. समजा एका गणिताच्या मॅडमचा वर्गसमीकरणाचा धडा त्यांच्याच सर्व्हरवर आहे. त्या पानात एवढं लिहिलं की काम भागतं:

```
<script type="application/ld+json">
{
  "@context": "https://schema.org",
  "@type": "VideoObject",
  "name": "वर्गसमीकरणे: सूत्र पद्धती, इयत्ता दहावी",
  "description": "सूत्र कसं येतं आणि तीन उदाहरणं",
  "thumbnailUrl": "https://example.com/img/varga.jpg",
  "uploadDate": "2025-06-16T07:30:00+05:30",
  "duration": "PT14M20S",
  "contentUrl": "https://example.com/video/varga.mp4"
}
</script>
```

यातलं नाव, चित्राचा पत्ता आणि तारीख या तीन गोष्टी गूगल सक्तीने मागतं. त्यातली एक जरी नसली तरी व्हिडिओ म्हणून मिळणारं खास रूप मिळत नाही. वर्णन, वेळ आणि फाइलचा पत्ता ऐच्छिक आहेत. तरी माझं स्पष्ट मत आहे की धड्याच्या बाबतीत वेळ कधीही गाळू नये. सिनेमाचं गाणं किती मिनिटांचं आहे याने फार फरक पडत नाही. अभ्यासाला बसलेलं मूल मात्र वेळ पाहूनच ठरवतं.

आणि नेमकी वेळ लिहितानाच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. प्लेअरवर 14:20 दिसतं म्हणून लोक तेच उचलून लिहितात. ते चालत नाही. इथे आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय पद्धतीने लिहावं लागतं. सुरुवातीचा P म्हणजे कालावधी, T म्हणजे इथून पुढे तास, मिनिटं आणि सेकंद, मग 14M आणि 20S. हा T फार महत्त्वाचा आहे. या पद्धतीत M हे अक्षर महिन्यासाठीही आहे आणि मिनिटासाठीही, आणि दोघांमधला फरक फक्त T दाखवतो. PT14M म्हणजे चौदा मिनिटं, आणि P14M म्हणजे चौदा महिने! दुसरं लिखाण नियमात बसतं, त्यामुळे ते चूक म्हणून पकडलं जाईलच असा भरवसा नाही. आपल्या लोकांची आणखी एक खास अडचण म्हणजे मराठी कीबोर्ड चालू राहिला की PT१४M२०S असं उमटतं. शीर्षक आणि वर्णन खुशाल देवनागरीत लिहावं, पण वेळ आणि तारीख यांतले आकडे इंग्रजीच हवेत.

ज्यांची वेबसाइट व्हिडिओ साइटमॅपही पाठवते त्यांनी तिथे जपून राहावं. साइटमॅपमध्ये हाच वेळ निव्वळ सेकंदांत मागतात, म्हणजे चौदा गुणिले साठ अधिक वीस, एकूण 860. एका ठिकाणची पद्धत दुसरीकडे उतरवली की दोन्हींचा मेळ बसत नाही.

तारखेचंही तसंच आहे. आपण दिवस, महिना, वर्ष असं लिहितो. इथे वर्ष आधी येतं. मग T, मग वेळ आणि शेवटी +05:30, म्हणजे भारतीय प्रमाणवेळ. हा शेवटचा तुकडा गाळला तर गूगल आपल्या रोबोचा वेळ-विभाग धरून चालतं आणि संध्याकाळी टाकलेल्या धड्याची तारीख एका दिवसाने सरकू शकते. नियमाप्रमाणे ही तारीख व्हिडिओ पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्याची असते. काही जण दर जूनमध्ये ती बदलून जुना धडा नवा करतात. हे मला मुळीच पटत नाही. अभ्यासक्रम बदलला की नाही हे विद्यार्थी तारखेवरूनच ताडतात, आणि खोटी तारीख त्यांना जुन्या पुस्तकाचा धडा नव्याचा म्हणून वाचायला लावते. खरोखर नव्याने चित्रीकरण केलं असेल तरच नवी तारीख द्यावी.

चित्राच्या बाबतीत तांत्रिक अट सोपी आहे. ते किमान ६० बाय ३० पिक्सेल असावं, जेपीजी, पीएनजी किंवा वेबपी चालतं. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. चित्राचा पत्ता रोबोला उघडता आला पाहिजे आणि तो कायम तोच राहिला पाहिजे. अनेक साइट्सवर चित्रांचा फोल्डर robots.txt मधून बंद केलेला असतो, किंवा चित्राच्या पत्त्याला काही तासांत संपणारी किल्ली जोडलेली असते. माणसाला चित्र दिसतं, रोबोला दिसत नाही. शिवाय प्रत्येक धड्याला स्वतःचं चित्र हवं. चाळीस धड्यांना क्लासचा एकच लोगो लावला तर त्या चित्रावरून कुठल्याच धड्याची ओळख पटत नाही. ज्या फळ्यावर सूत्र पूर्ण लिहून झालं आहे ती चौकट निवडावी.

हे सगळं बिनचूक लिहूनही उत्तर साध्या अक्षरांतच दिसतं, अशी तक्रार बऱ्याचदा ऐकू येते. याचं कारण बहुधा स्कीमात नसतं, पानाच्या मांडणीत असतं. एप्रिल २०२३ पासून गूगल शोधाच्या मुख्य यादीत व्हिडिओचं चित्र त्याच पानाला देतं, ज्याचा मुख्य विषयच तो व्हिडिओ आहे. त्याच वर्षी डिसेंबरात व्हिडिओच्या टॅबलाही हाच नियम लागू झाला. मॅडमनी बीजगणिताचे सगळे धडे एकाच लांबलचक पानावर एकाखाली एक लावले असतील, तर त्यातला कुठलाच धडा त्या पानाचा मुख्य विषय ठरत नाही. दीड हजार शब्दांच्या नोट्सच्या तळाशी व्हिडिओ असेल तरीही तेच. प्रत्येक धड्याला स्वतंत्र पान द्यावं, प्लेअर वरच आणि नीट मोठा ठेवावा, नोट्स त्याखाली याव्यात. बटण दाबल्यावरच प्लेअर उगवतो अशी रचनाही टाळावी, कारण रोबो बटण दाबत बसत नाही.

धडा यूट्यूबवर असून आपल्या पानावर नुसता बसवला असेल, तर contentUrl ऐवजी embedUrl द्यावा. त्यात प्लेअरचा पत्ता येतो. मात्र अशा वेळी यूट्यूबचं पान आणि तुमचं पान या दोन्हींची नोंद होऊ शकते आणि पुष्कळदा यूट्यूबचंच पुढे येतं. व्हिडिओ पोहोचावा एवढाच हेतू असेल तर त्यात काही बिघडत नाही.

लांब धड्यांसाठी आणखी एक सोय आहे. Clip नावाने धड्याचे टप्पे देता येतात. सूत्र कसं येतं ते 0 सेकंदापासून, पहिलं उदाहरण 245 पासून, विवेचक 540 पासून असं लिहिलं, की उत्तराखालीच हे टप्पे दिसू शकतात आणि मुलाला थेट विवेचकावर जाता येतं. त्यासाठी पत्त्यात ?t=540 लावल्यावर तुमचा प्लेअर खरंच तिथून सुरू व्हायला हवा. यूट्यूबवरच्या धड्याला हेच टप्पे व्हिडिओच्या वर्णनात वेळ लिहून देता येतात.

तपासणीसाठी गूगलचं Rich Results Test हे पान फुकट आहे. धड्याचा पत्ता टाकला की सक्तीची गोष्ट राहिली असेल तर चूक दाखवतं, ऐच्छिक राहिली असेल तर नुसती सूचना. कोड वाचताच आला नाही असं सांगितलं तर आधी अवतरणचिन्हं पाहावीत. वर्डमध्ये किंवा व्हॉट्सअॅपवरून आलेल्या कोडमधली सरळ चिन्हं पुष्कळदा वाकडी झालेली असतात आणि तेवढ्याने सगळा मजकूर निकामी होतो. मात्र ही चाचणी लिखाण तपासते, नशीब नाही. व्हिडिओची नोंद खरोखर झाली का, हे सर्च कन्सोलमधल्या व्हिडिओंच्या अहवालात कळतं, आणि झाली नसेल तर कारणही तिथेच लिहिलेलं असतं. पान बदलल्यावर तिथे फरक दिसायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. सगळं नीट असूनही खास रूप मिळेलच, अशी हमी गूगल देत नाही.

शेवटी पैशाची एक गोष्ट. शिकवण्याच्या व्हिडिओंसाठी गूगलने Learning Video नावाचा वेगळा प्रकार काढला होता, त्यात इयत्ता आणि धड्याचा प्रकार लिहिता येत असे. जून २०२५ मध्ये गूगलने तो शोधातून काढून टाकत असल्याचं जाहीर केलं. त्यासाठी लिहिलेला जुना कोड पानावर राहिला तरी नुकसान नाही, पण आज कोणी त्याच्या नावाने तुमच्याकडे वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नका. वर दिलेला साधा VideoObject चालू आहे, आणि तो कोणीही स्वतःच्या हाताने लिहू शकतं.