बेरीज जुळते का?

पाच मजली इमारत. प्रत्येक स्लॅब 20 बाय 12 मीटर, जाडी 150 मिलिमीटर. काँक्रीटचं वजन घनमीटरला 25 किलोन्यूटन धरलं, तर पाच स्लॅब मिळून 4,500 किलोन्यूटन. संगणकाने पायाशी दाखवलेल्या प्रतिक्रियांची बेरीज हातच्या हिशेबापेक्षा नेमकी तेवढीच जास्त आली, की चोर सापडलाच: स्लॅबचं स्ववजन सॉफ्टवेअरने आपणहून धरलं होतं, इंजिनिअरने तेच पुन्हा भार म्हणून भरलं.

पण बेरीज जुळली म्हणून निर्धास्त होऊ नये. तुळईचं टोक खांबापासून पाच मिलिमीटर सुटलं, तर पडद्यावर दिसत नाही. भार स्लॅबमधून दुसऱ्या वाटेने उतरतो आणि बेरीज बिनचूक राहते. अशा वेळी वाकलेल्या आकाराचं चित्र शंभरपट फुगवून पाहावं. खांब जागेवर, टोक मात्र खाली झुकलेलं दिसतं.