मामांना निरोप देताना

हॉटेलमालकाचं निरोपाचं भाषण बहुधा 'मामांच्या हाताला चव आहे' इथे सुरू होतं आणि तिथेच संपतं. चव कशी येते, हे मात्र मालकाला पक्कं ठाऊक असतं. मिसळीच्या हॉटेलात बोलायचं तर असं बोलावं:

"मामा, कांदा-खोबऱ्याचं वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, हे मी तुमच्याकडून शिकलो. कच्चं राहिलं की वर तर्री धरत नाही आणि दुपारपर्यंत कट आंबूस लागतो. रविवारी गिऱ्हाईक दारात उभं असायचं, मी गल्ल्यावरून ओरडायचो. तुम्ही घाई केली नाहीत. बरं केलंत."

एवढं पुरे. वेळ दुपारी चारची, दोन गर्दींच्या मधली धरावी. नाहीतर भटारखान्यातली पोरं, ज्यांनी हे ऐकायला हवं, तीच भट्टीपाशी अडकतात.

शाल-श्रीफळाआधी हिशेब सांगावा. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या हॉटेलात ग्रॅच्युइटी हा हक्क आहे, मालकाची मेहेरबानी नव्हे. शेवटचा पगार, म्हणजे मूळ वेतन आणि महागाई भत्ता, 26 ने भागायचा, 15 ने गुणायचा, मग नोकरीच्या वर्षांनी. पगार 18,000 आणि नोकरी 30 वर्षं असेल तर सुमारे 3 लाख 11 हजार होतात. ही रक्कम 30 दिवसांत द्यावी लागते. घोळ होतो तो जुन्या वर्षांचा: सुरुवातीची नोकरी हजेरीपटावर नसतेच. मालकाने चारचौघांत 'मामा अमुक साली आले' म्हटलं, की तेवढी वर्षं मोजणंही आलं.