बेरीज जुळत होती, जागा चुकत होत्या

चाकण परिसरातील सुट्या भागांच्या एका गोदामाचे अंतर्गत लेखापरीक्षण आम्ही गेल्या आर्थिक वर्षात तिमाहीनुसार केले. सुरुवातीला हाती आलेला ३१ मार्चच्या मोजणीचा अहवाल उत्तम होता, साठ्याच्या एकूण किमतीत नाव घेण्याजोगा फरक नव्हता. तरीही असेंब्लीकडून एकच तक्रार वारंवार येत होती: सिस्टीमवर माल दिसतो, रॅकवर मिळत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, याचा शोध म्हणजेच आमचे वर्ष.

पहिल्या तिमाहीत आम्ही बिन तपासले, आणि तेही दोन्ही दिशांनी. आधी सिस्टीमच्या यादीतून बिन निवडून रॅकपर्यंत गेलो, मग रॅकवर दिसेल तो माल उचलून यादीत शोधला. केवळ यादीवरून गेले, तर यादीत नसलेला माल कधीच सापडत नाही. रिकामे दाखवलेले बिनही म्हणूनच पाहिले. चित्र लवकर स्पष्ट झाले. एका बिनमध्ये ३० नग कमी, शेजारच्या बिनमध्ये त्याच भागाचे ३० नग जास्त, बेरीज शून्य. वार्षिक अहवालात हे दोन्ही फरक एकमेकांना खाऊन टाकत होते. लेखापरीक्षकांच्या अहवालाबाबतचा २०२० चा ‘कारो’ आदेशही साठ्याच्या प्रत्येक वर्गातील एकूण १० टक्के वा अधिक तफावतीबद्दल विचारतो, बिनबद्दल नाही. तेव्हापासून आम्ही रुपयांतला निव्वळ फरक बाजूला ठेवला आणि तपासलेल्या बिनपैकी भाग, जागा व संख्या या तिन्ही गोष्टी बरोबर असलेले बिन किती, एवढेच मोजू लागलो.

कारण सापडले ते स्कॅनरच्या नोंदींच्या वेळांत. संध्याकाळी गाड्यांची गर्दी झाली की कामगार माल जवळच्या मोकळ्या जागेत ठेवत आणि बिनच्या बारकोडची छापील प्रत टेबलावर घेऊन तीच स्कॅन करत. रॅकच्या वेगवेगळ्या टोकांना ठेवल्याची नोंद असलेले पॅलेट काही सेकंदांच्या अंतराने ‘ठेवले’ गेले होते. फोर्कलिफ्टला तेवढ्या वेळात एक फेरीही जमत नाही.

दुसऱ्या तिमाहीत आम्ही आवक फलाटावर थांबलो, आणि तिथले एक प्रकरण पुढे वर्षभर उपयोगी पडले. एका बेअरिंगची ऑर्डर १,२०० नगांची होती. पुरवठादार नेहमी ५० नगांचे खोके पाठवत असे. या वेळी २४ खोकी आली, पण प्रत्येकात ४० नग होते. चलन आणि बिल दोन्हींवर ९६० हा आकडा स्वच्छ लिहिलेला होता. जीआरएन करणाऱ्याने खोकी मोजून २४ भरले आणि सिस्टीमने जुन्या पॅकिंगप्रमाणे ५० ने गुणून १,२०० नग जमा केले. ऑर्डर पूर्ण झाल्याचे दिसले, म्हणून उरलेल्या २४० नगांची मागणी कोणी केली नाही. पैसे मात्र ९६० नगांचेच गेले. त्यामुळे जमा माल आणि आलेले बिल यांची सांगड घालणाऱ्या खात्यात २४० नगांची रक्कम तशीच पडून राहिली. गोदामातली चूक हिशेब खात्यात महिनोन्‌महिने दिसत होती. फक्त ते खाते आणि तो रॅक एकत्र कोणी पाहत नव्हते.

तिसऱ्या तिमाहीचा विषय होता चक्रीय मोजणी. महागडे ‘अ’ वर्गातले भाग दर महिन्याला, ‘ब’ वर्गातले तिमाहीला, ‘क’ वर्गातले वर्षातून एकदा, असे वेळापत्रक होते आणि ते पाळलेही जात होते. दोष मोजणीच्या कागदात होता. त्यावर सिस्टीममधली संख्या आधीच छापलेली असे, त्यामुळे मोजणाऱ्याची नजर नकळत त्याच आकड्यावर स्थिरावे. फरक निघालाच, तर त्याच दिवशी समायोजनाची नोंद होई. एकाच भागाची आज वजा ३० आणि चार दिवसांनी अधिक ३० अशी समायोजने आम्हाला जोडीने सापडली. माल हरवला नव्हता, फक्त आधी एक बिन मोजला गेला होता आणि नंतर त्याचा शेजारी. समायोजनाने आकडा सुधारतो, पण चूक कुठून आली याचा पुरावा पुसला जातो.

शेवटच्या तिमाहीपर्यंत चार बदल रुळले. मोजणीच्या कागदावरून संख्या गेली. फरक आढळला की दुसऱ्या माणसाने पुन्हा मोजायचे, शेजारचे बिन आणि अर्धवट राहिलेल्या नोंदी पाहायच्या, आणि कारण लिहिल्याशिवाय समायोजन करायचे नाही, असे ठरले. आवकेत खोक्यांऐवजी नग भरले जाऊ लागले आणि प्रत्येक खेपेतले एक खोके उघडून मोजले जाऊ लागले. टेबलावरची बारकोडची प्रत काढून टाकली.

मर्यादाही नोंदवायला हवी. सीलबंद खोक्यात दुसराच भाग असेल, तर खोकी मोजून तो कळत नाही. एक खोके उघडल्याने बाकीच्यांची खात्री मिळत नाही. म्हणून नव्या वर्षाच्या आराखड्यात आम्ही मोजणीची वारंवारता वाढवलेली नाही. मोजणीतून लिहिली गेलेली कारणे दर महिन्याला आवक विभाग आणि हिशेब खाते यांच्यासमोर एकत्र ठेवायची, आणि एकच कारण पुन्हा आले तर त्या पुरवठादाराची पुढची खेप पूर्ण उघडून मोजायची, हे त्यात पहिले कलम आहे.