मिठाचा हिशेब – भाग ९ : क्रिएटिनचं पाणी कुठे मुरतं?

मागच्या भागात आपण फरसाण आणि ब्रेड यांच्यातलं न दिसणारं मीठ मोजलं. या वेळचा विषय व्यायामशाळेतून आलाय. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेले, जेवणात मीठ मोजून घेणारे बरेच वाचक चाळिशी-पन्नाशीत वजनं उचलायला लागलेत आणि त्यांना कुणीतरी क्रिएटिन घ्यायला सांगतं. पहिल्या आठवड्यातच काटा एक-दीड किलोने पुढे सरकतो. ‘पाणी धरलं’ हे शब्द कानावर पडतात आणि माणूस घाबरतो, कारण त्याच्या डॉक्टरांनीही मिठाबद्दल हेच सांगितलेलं असतं: मीठ पाणी धरतं, पाण्याने रक्तदाब वाढतो.

पाणी दोन्हीकडे धरलं जातं, पण जागा वेगळी असते. मिठातलं सोडियम मुख्यतः पेशींच्या बाहेर राहतं, म्हणजे रक्तात आणि पेशींभोवतीच्या द्रवात. ते वाढलं की त्याच्यापाठोपाठ पाणी तिथेच साठतं, रक्तवाहिन्यांतला भार वाढतो, पायावर सूज येते. क्रिएटिन मात्र स्नायूंच्या पेशींच्या आत जाऊन बसतं आणि पाणी आत ओढतं. ते पाणी रक्तवाहिन्यांत नसतं.

हे पटवायला एक साधा हिशेब पुरतो. पेशींबाहेरचं एक लिटर पाणी धरून ठेवायचं तर शरीराला सुमारे आठ-नऊ ग्रॅम मीठ अडवून ठेवावं लागतं. सलाइनच्या बाटलीतही लिटरमागे नऊ ग्रॅमच मीठ असतं, ते याच कारणाने. शुद्ध क्रिएटिन मोनोहायड्रेटमध्ये सोडियम नसतंच. मग तुमच्या जेवणातलं मीठ तेवढंच असेल आणि मूत्रपिंडं नेहमीसारखी काम करत असतील, तर वाढलेला तो किलो रक्तात साठायला मीठ आणणार कुठून?

यावर व्यायामशाळेतले जाणकार एक मुद्दा काढतात आणि तो अर्धा खरा आहे. क्रिएटिनला पेशीत शिरायला सोडियम लागतं. पेशीच्या आवरणावरचा वाहक क्रिएटिनच्या एका रेणूसोबत सोडियमचे दोन आयन आत घेतो. पाच ग्रॅमचा अख्खा डोस आत गेला असं धरलं, तर त्यासोबत जवळपास दीड ग्रॅम सोडियम, म्हणजे चार ग्रॅमच्या आसपास मीठ, आत जाईल. आकडा दचकवणारा आहे. पण हे सोडियम तुमच्याच रक्तातलं असतं, बाहेरून आलेलं नसतं. शिवाय आत आलेलं सोडियम पेशीचा पंप लगेच बाहेर टाकतो. हे काम तो दिवसरात्र करतच असतो. शरीरातल्या एकूण सोडियममध्ये यातून काहीच भर पडत नाही.

याच अर्धवट माहितीतून ‘क्रिएटिनच्या पाण्यात चिमूटभर सैंधव टाका, चांगलं भिनतं’ हा सल्ला निघालाय. रक्तात सोडियमचं प्रमाण आधीच भरपूर आणि स्थिर असतं; वाहक त्याच्यासाठी अडून बसलेला नसतो. आणि सैंधव हेही मीठच. एक ग्रॅम सैंधवात साडेतीनशे ते चारशे मिलिग्रॅम सोडियम असतं. मीठ जपणाऱ्याला हा सल्ला देणाऱ्याचा मला खरोखर राग येतो.

प्रत्यक्ष तपासून पाहिलंय का? कॅनडात तीस तरुण स्त्री-पुरुषांवर एक अभ्यास झाला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. काहींना रोज २० ग्रॅम असं पाच दिवस क्रिएटिन दिलं, काहींना नुसतीच दिसायला तशी भुकटी. क्रिएटिनवाल्यांचं वजन वाढलं, रक्तदाब हलला नाही. पण ही माणसं निरोगी होती. औषधांवर असलेल्या पन्नाशीच्या माणसाला हा निकाल दिलासा देतो, हमी देत नाही.

मग क्रिएटिन सुरू केल्यावर रक्तदाब वाढलेला दिसतो, तेव्हा पाणी कुठे मुरत असतं? बहुतेक वेळा डब्याच्या मागच्या बाजूला. समजा, ४८ वर्षांचे एक गृहस्थ टेल्मिसार्टन घेतात. त्यांची दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे पाच ग्रॅम मीठ. त्यांनी साधं क्रिएटिन न घेता व्यायामाआधी घ्यायचं मिश्रण आणलं, ज्यात क्रिएटिनही आहे. लेबलवर १०० ग्रॅममागे सोडियम ४००० मिलिग्रॅम लिहिलंय, एक चमचा १२ ग्रॅमचा. म्हणजे चमच्यामागे ४८० मिलिग्रॅम. वर एक ग्रॅम सैंधव टाकलं की बेरीज ८३० ते ८८०. सकाळच्या चहाआधीच दिवसाच्या मर्यादेतलं चाळीस टक्क्यांहून जास्त सोडियम संपलं! शिवाय अशा मिश्रणांत बहुधा कॅफीन असतं, ते घेतल्यावर काही तास रक्तदाब वर राहतो. गृहस्थ व्यायामाहून येऊन मशीन लावतात, आकडा चढलेला दिसतो, आणि दोष क्रिएटिनला जातो.

पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या गोळ्यांचंही तेच. त्यांचा फेस बहुतेक वेळा खाण्याच्या सोड्यातून येतो आणि एक ग्रॅम सोड्यात सुमारे २७४ मिलिग्रॅम सोडियम असतं. म्हणून घटकांच्या यादीत फक्त ‘क्रिएटिन मोनोहायड्रेट’ एवढंच असलेली, चव नसलेली पांढरी भुकटी घ्यावी. रोज तीन ग्रॅम, सलग चार आठवडे. रोज २० ग्रॅमची सुरुवात वगळली तरी स्नायूंतला साठा महिन्याभरात तेवढाच भरतो, आणि काटा एकदम उडी मारत नाही. सुरू करण्याआधी आठवडाभर आणि चौथ्या आठवड्यात पुन्हा, सकाळी गोळीआधी, पाच मिनिटं शांत बसून, मिनिटाच्या अंतराने दोनदा रक्तदाब मोजून लिहून ठेवावा.

सूज ओळखायची झाली तर नडगीच्या हाडावर, घोट्याच्या थोडं वर, अंगठा दहा-पंधरा सेकंद दाबून धरावा. खळगा तसाच राहिला तर ते पेशींबाहेरचं पाणी आहे. ते क्रिएटिनच्या नावावर खपवू नये. (अम्लोडिपिन घेणाऱ्यांना त्या गोळीनेही घोट्यांवर सूज येते. तीही डॉक्टरांना सांगायचीच.)

हृदय कमजोर असलेल्यांची गोष्ट निराळी. त्यांना रोज वजन करायला सांगितलेलं असतं आणि तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच कळवायचं असतं. फुप्फुसात पाणी साठायला लागल्याची ती आगाऊ सूचना असते. २० ग्रॅमच्या सुरुवातीने नेमकी ही खूण बिघडते: खरी वाढ कुठली आणि क्रिएटिनची कुठली, हे काट्यावरून कळत नाही. मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्यांनी आणि हृदय कमजोर असलेल्यांनी डॉक्टरांच्या संमतीशिवाय डबा उघडूच नये.

शेवटची अडचण रक्ततपासणीत येते. क्रिएटिनचंच शरीरात क्रिएटिनिन होतं, त्यामुळे मूत्रपिंडं ठणठणीत असूनही अहवालात क्रिएटिनिन थोडं चढू शकतं. टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असताना डॉक्टर हाच आकडा पाहून डोस ठेवायचा की बदलायचा ते ठरवतात. तुम्ही भुकटीचं बोलला नाहीत, तर चांगली लागू पडलेली गोळी विनाकारण बंद होऊ शकते. तपासणीआधी दोन दिवस भुकटी बंद ठेवूनही भागत नाही. स्नायूंतला साठा उतरायला चार ते सहा आठवडे जातात. शंका उरलीच तर सिस्टॅटिन-सी नावाची तपासणी करून घेता येते, तिच्यावर क्रिएटिनचा परिणाम होत नाही. चिठ्ठीवरच्या गोळ्या सांगताना क्रिएटिनचा डोसही सांगा, आणि जमलं तर डबाच सोबत न्या.

पुढच्या भागात ‘कमी सोडियमचं मीठ’. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि टेल्मिसार्टन घेणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय का आणू नये, ते पाहू.